गुवाहाटीच्या बहिणीला दरमहा डबा की एकदाच घरघंटी?

*माझी धाकटी बहीण तीन वर्षांपासून गुवाहाटीला आहे. जावई सरकारी कंपनीत, बदलीची नोकरी. घरात पाच वर्षांचा मुलगा. गेल्या दोन आखाजींना, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती येऊ शकली नाही. फोनवर म्हणते, "भाऊ, कयन्यानी भाकर खाइसन कितला दिन व्हयनात!" तिला काहीतरी कायमचं द्यावं असं वाटतं. एक घरगुती उद्योग महिन्याला ११५० रुपयांत डबा पोचवतो: दोन किलो कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, उडदाचे पापड, काळा मसाला, शेव. बायको म्हणते, त्यापेक्षा एकदाच १७५०० ची घरघंटी घेऊन द्या. आमच्याकडे दादर ज्वारी पिकते. वर्षाचा हिशेब आणि पुढची उपयोगिता पाहता काय योग्य?*
*एक भाऊ, चोपडा तालुका*

भाऊ, या दोन वस्तूंमधून निवड करायच्या आधी बहिणीला नेमकं काय हवंय ते नीट बघू. तिने शेव मागितली नाही, मसालाही मागितला नाही. मागितली ती भाकरी. आणि कळण्याची भाकरी पार्सलने पाठवता येत नाही, ती तव्यावरून ताटात आली तरच खरी. म्हणजे तिला हवंय ते ताजं पीठ, आणि या पिठाचा स्वभाव कळला की निम्मा निर्णय तिथेच होतो.

ज्वारीत गव्हासारखं चिकट ग्लुटेन नसतं. भाकरी थापली जाते ती पिठाच्या ताजेपणावर आणि कढत पाण्यावर. थापताना पीठ न तुटता धरून राहतं, त्याला आपण विरी म्हणतो. दळून आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस विरी चांगली असते, पंधरा दिवसांनी कमी व्हायला लागते, महिन्यानंतर थापताना कडा फुटतात आणि भाकरी काठोटीतून उचलता उचलता तुटते. म्हणून आपल्या आया वर्षाची ज्वारी भरून ठेवायच्या, पण दळण मात्र आठवड्या-पंधरवड्याचंच न्यायच्या. शिवाय अख्ख्या धान्याच्या पिठात कोंबाचं तेल उतरतं. ते उष्ण दमट हवेत लवकर खवट होतं आणि पिठाला किंचित कडवट वास येतो. कळण्यात सालासकट काळा उडीद असतो, शिवाय आपल्याकडे दळतानाच खडेमीठ टाकायची पद्धत. मीठ हवेतलं पाणी ओढतं. जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही. ब्रह्मपुत्रेच्या काठी मात्र वर्षातले बरेच महिने हवा ओलसर असते आणि पाऊस एप्रिलपासूनच सुरू होतो. तिथे मिठाचं पीठ डब्यात गोळे धरतं.

आता डब्याचा प्रवास बघा. महिन्याच्या सुरुवातीला पीठ दळलं, दोन-तीन दिवस पॅकिंगला, आठेक दिवस वाटेत. बहिणीच्या हातात पडतं तेव्हा ते दहा-बारा दिवसांचं झालेलं असतं. दोन किलो ती महिनाभर पुरवून खाणार, म्हणजे शेवटच्या भाकऱ्यांचं पीठ चाळीस दिवसांचं. त्या उद्योगाचा यात काही दोष नाही. पिठाचा प्रवासच तेवढा लांबचा आहे. असं पीठ आलं तर टाकून द्यायचं नाही. पाण्याला उकळी आणून त्यात मीठ आणि पीठ घालायचं, झाकण ठेवून वाफ येऊ द्यायची, मग मळून थापायचं. उकडीची भाकरी तुटत नाही. पण खवट वास उकडीनेही जात नाही. तसा वास आला तर पीठ गेलं समजायचं.

बायकोचा सल्ला मला म्हणूनच मुळापासून पटतो. दळलेलं पीठ महिनाभर टिकत नाही, पण चांगलं वाळवलेलं धान्य वर्षभर टिकतं. जे टिकतं ते पाठवावं आणि दळायची सोय तिच्या घरी करून द्यावी. तरी ती घरघंटी जळगावहून घेऊन पाठवू नका, त्याकडे पुढे येते. आधी पैशांचा हिशेब, कारण तुम्ही तो विचारलाय आणि तो लोक बहुतेकदा चुकीचा मांडतात.

डब्याचं सरळ आहे. ११५० गुणिले १२, वर्षाला १३८०० रुपये. घरघंटी १७५००. एवढंच बघितलं तर डबा स्वस्त वाटतो. पण घरघंटी एकदा घेऊन भागत नाही, तिला दर वर्षी दाणे लागतात, आणि ते दाणे गुवाहाटीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील असं धरू नका. तिकडे भात पिकतो आणि भातच खाल्ला जातो. म्हणून दोन्ही बाजूंचा वर्षाचा चालू खर्च लिहून काढला पाहिजे.

मी असं धरते: बहिणीच्या घरी महिन्याला साधारण चार किलो कळणा लागेल, म्हणजे वर्षाला पन्नास किलो. आमच्याकडे चार भाग दादरला एक भाग उडीद घालतात, काही घरांत तीनाला एक. चाराचं माप धरलं तर चाळीस किलो दादर आणि दहा किलो उडीद. दादर तुमच्या घरची आहे म्हणून ती हिशेबात फुकट धरू नका. ती बाजारात नेली असती तर पैसे आले असते, म्हणून बाजारभावच धरायचा. ५० रुपये किलोने दादरचे २०००, ११० रुपयांनी उडदाचे ११००. वर्षात दोन गोण्या, एकेक पंचवीस किलोची. पोचवायचा खर्च गोणीमागे ९०० धरला तर १८००. डब्यात मसाला आणि पापडही येतात, तेव्हा तुलना न्यायाची व्हावी म्हणून गोणीबरोबर मसाला, पापड, बिबडे जातील त्यांचे वर्षाचे १५००. जाळी बदलणं आणि किरकोळ दुरुस्तीचे ५५०. विजेची लोक उगाच काळजी करतात. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण युनिटच्या आसपास घेते आणि तासाभरात सात किलो तरी दळते, म्हणजे पन्नास किलोला सात-साडेसात तास, साडेपाच युनिट. वर्षाचे ५० रुपये धरा. सगळं मिळून ७००० रुपये.

म्हणजे घरघंटी घेतली की दर वर्षी डब्याच्या मानाने ६८०० रुपये वाचतात, आणि १७५०० रुपये त्या बचतीतून फिटायला एकतीस महिने लागतात, अडीच वर्षांहून थोडे जास्त. पाच वर्षांत डब्याला ६९००० जातील, तेही दर वाढले नाहीत तर. घरघंटीचे पाच वर्षांचे सगळे मिळून ५२५००. डब्यात वर्षाचं पीठ चोवीस किलो येतं, इकडच्या हिशेबात पन्नास. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील तर आकडे बदला, मांडणी हीच ठेवा.

या सगळ्यात एकतीस महिने हा आकडा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. कारण तुम्ही लिहिलंय, बदलीची नोकरी. बहीण अजून अडीच वर्षं खान्देशापासून लांब राहणार का, हा प्रश्न जावईबापूंना फोन करून विचारा. गुवाहाटीहून दिब्रुगडला किंवा कोलकात्याला बदली झाली तर काही बिघडत नाही. घरसामानाच्या ट्रकमध्ये घरघंटी चढते आणि नव्या गावातही ती तितकीच कामाची. पण दीड वर्षात ते नाशिकला किंवा पुण्याला आले तर? तिथे गल्लीत गिरणी आहे, पाच मिनिटांत दळण मिळतं. अठरा महिन्यांत डब्याला २०७०० गेले असते, घरघंटीला २८००० गेले असतील, आणि यंत्र पुढे बरेच दिवस झाकून ठेवलेलं असेल. जावईबापू म्हणाले की परत यायचा अर्ज दिलाय, तर घरघंटीचा विचार सोडून द्या. मी पूर्ण मनापासून सांगते, अशा वेळी डबाच बरा.

डबा घ्यायचा झाला तर एक सांभाळा. अशी मासिक वर्गणी बहुतेक वेळा तुमच्या कार्डाला किंवा यूपीआयला आपोआप कापण्याची परवानगी घेऊन सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी तुम्हाला संदेश यायला हवा, पण १५००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. ११५० रुपये म्हणूनच हळूच निघून जातात. माझं स्वतःचं झालंय. धाकट्या भावासाठी मी सुक्या मेव्याच्या मासिक खोक्याची वर्गणी भरली होती, बंगळुरूच्या पत्त्यावर. त्याने घर बदललं, मला सांगायचं राहिलं, आणि सात महिने ती खोकी जुन्या घरमालकाकडे उतरत राहिली. संदेश येत होते, मी वाचत नव्हते. तक्रार केल्यावर त्यांनी पत्ता बदलून दिला, गेलेले पैसे काही आले नाहीत. मला जास्त लागलं ते वेगळंच. भावाला वाटत होतं मी पाठवायचं थांबवलं, आणि मला वाटत होतं तो पोचल्याचा साधा फोन करत नाही. दोघंही सात महिने थोडे नाराज होतो.

म्हणून तुम्ही वर्षाची वर्गणी एकदम घेऊ नका. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरून मिळतात का ते त्या उद्योगाला विचारा, घरगुती उद्योगवाले बहुधा ऐकतात. आपोआप कापण्याची परवानगी द्यावीच लागली, तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाच्या जागी ती दिसते आणि तिथूनच बंद करता येते. बहीण माहेरी येते ते महिने आधीच थांबवा. ती उन्हाळ्यात दीड महिना चोपड्याला असेल आणि पावसाळ्यातला एखादा डबा ओलसर निघाला, तर वर्षातले नऊच डबे कामाला आले असं होतं. तेव्हा एका डब्याची खरी किंमत ११५० राहत नाही, दीड हजारावर जाते.

पण समजा जावईबापू म्हणाले की अजून तीन-चार वर्षं इकडेच. तर घरघंटी घ्या, आणि गुवाहाटीतच घ्या. यंत्र चाळीस किलोच्या वर भरतं. जळगावहून पाठवलं तर दोनदा चढउतार होणार, आतल्या पात्याचा तोल जरा हलला की यंत्र थरथरतं आणि पीठ जाडसर पडतं. शिवाय बिघाड झाला की कारागीर तिथला लागणार. म्हणून जी कंपनी गुवाहाटीत दुरुस्ती देते तिचंच घ्यायचं, बिल बहिणीच्या नावाने आणि तिच्या पत्त्यावर करायचं, पैसे तुम्ही भरायचे. जाळ्या कोणत्या मिळतात ते विचारा. भाकरीच्या पिठाला बारीक जाळी लागते, लापशी-भरड्याला मोठ्या भोकाची वेगळी.

घेण्याआधी बहिणीकडून दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, तिच्या स्वयंपाकघरात सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट आहे का आणि त्याला नीट अर्थिंग आहे का. मिक्सरच्या छोट्या प्लगला जोड लावून घरघंटी चालवायची नाही, सुरू होताना मोटर एकदम जास्त वीज ओढते आणि प्लग तापतो. व्होल्टेज कमी असेल तर मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही. असं झालं की लगेच बंद करायचं, नाहीतर जळते. दुसरी गोष्ट तिला स्वतःला विचारायची, आणि ती विचारल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका: तिला दळायचंय का? प्रत्येक दळणानंतर आतली पेटी पुसावी लागते, जाळी ब्रशने झाडावी लागते, ओटा पुसावा लागतो. हे काम तिच्यावरच येणार. तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी हौसेने दिलेलं यंत्र तिच्या अंगावर नवं काम म्हणून पडू नये. हो म्हणाली तर एक छोटी परीक्षा घ्या. एका पाकिटात दोन किलो दादर आणि अर्धा किलो उडीद पोस्टाने पाठवा. तिने ते थोडं थोडं करून मिक्सरमध्ये दळावं, बारीक चाळणीने चाळावं आणि भाकरी करून बघाव्या. मिक्सरचं पीठ जरा जाडसर आणि गरम निघतं, थंड होऊ देऊन थापायचं. अडीच किलो तिने तीन आठवड्यांत संपवलं तर घरघंटी चालणार हे नक्की. दोन महिन्यांनी अर्धं उरलं असेल तर हौस मोठी आहे पण रोजची सवय भाताची झाली, असं समजा. त्यातही वाईट काही नाही, फक्त १७५०० रुपये वाचले.

यंत्र आलं की वापराच्या दोन-तीन गोष्टी तिला पहिल्याच दिवशी सांगा, कारण कळणा हे घरघंटीला गव्हापेक्षा अवघड दळण आहे. खडेमीठ त्यात टाकायचं नाही. गिरणीत दगडी जातं असतं, घरघंटीत पोलादी पातं आणि जाळी, त्यांना मीठ आणि ओल मिळून गंज चढतो. मीठ मळताना घालायचं. उडदाला किडीसाठी एरंडेल चोळायची आपली रीत आहे, ती या उडदाला नको, तेलकट दाण्याचं पीठ जाळीला धरून बसतं. उडीद कडक उन्हात वाळवून कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवा. दाणे धुऊन लगेच दळायचे नाहीत. जाळी बुजायला लागली की कळतं कसं? यंत्राचा आवाज जड होतो, पीठ हाताला गरम लागतं आणि खाली कमी पडतं. तेव्हा दाणा थांबवायचा, यंत्र बंद करून प्लग काढायचा आणि जाळी झाडायची. दादर आणि उडीद आधी कोरडेच मिसळून घ्यावे म्हणजे दळण एकसारखं पडतं. एका वेळी दोन किलो दळलं तर अर्धा तासही लागत नाही. एवढं पीठ पंधरा दिवसांत संपतं, आणि म्हणूनच ते ताजं असतं. मुलगा पाच वर्षांचा आहे, तेव्हा झाकणाचं कुलूप चालू आहे ना ते बघून घ्यायला सांगा.

आता गोणी, आणि हा भाग तुमच्या हातातला आहे. आखाजीला अजून वेळ आहे, दादर फाल्गुनात घरी येईल. खळ्यावरून आलेली लगेच भरू नका. चार-पाच दिवस कडक उन्हात पातळ पसरा. दाणा दाताखाली धरला आणि कट्ट आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन हवं. आसामच्या हवेत ओलसर दाण्याला पंधरा दिवसांत बुरशी येते आणि गोणी उघडल्यावर कुबट वास येतो. तशी गोणी आली तर खाऊ नका असं तिला सांगून ठेवा, उन्हात टाकून ती सुधारत नाही. रात्रभर सावलीत थंड झालेलं धान्य सकाळी भरायचं, गरमागरम भरलं तर आत घाम धरतो. आत जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेर तागाची गोणी, तोंड सुतळीने शिवून. पत्ता कापडावर लिहून बाहेर शिवा आणि तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून आतही टाका, कारण बाहेरचा निघाला तर आतला कामी येतो.

पाठवायला भुसावळ किंवा जळगावच्या स्टेशनचं पार्सल ऑफिस आहे, नाहीतर एखादी ट्रान्सपोर्ट. दोन्हीकडे विचारून जे बरं पडेल ते घ्या. रेल्वेने पाठवलं तर ते घरी पोचत नाही, जावईबापूंना स्टेशनवरून सोडवून आणावं लागतं, आणि वेळेत उचललं नाही तर वरून जागेचं भाडं चढतं. म्हणून पावती त्याच दिवशी फोनवर पाठवा. पहिली गोणी चैत्रात निघेल असं बघा, म्हणजे आखाजीला पोचलेली असेल. दुसरी दिवाळीनंतर. जून ते सप्टेंबर पाठवूच नका. तिथे पोचल्यावर गोणीत ठेवायचं नाही, घट्ट झाकणाच्या पिंपात ओतायचं आणि पिंप जमिनीला न टेकवता पाटावर ठेवायचं.

पहिल्या गोणीत जागा करून बिबडे आणि काळा मसाला ठेवा. शेव नको, तिचं तेल सहा महिने टिकत नाही. ज्या दिवशी गोणी शिवाल त्या दिवशी आईला जवळ बसवा आणि कळण्याचं माप तिच्या हाताने एका कागदावर लिहून घ्या, चाराला एक की तीनाला एक, कारण ते माप प्रत्येक घराचं वेगळं असतं आणि तुमच्या बहिणीला तुमच्याच घरची भाकरी हवी आहे. तो कागद मसाल्याच्या पुडीत ठेवा, म्हणजे ओला होणार नाही.